न मोडणारी लाट

उथळ पाण्यातल्या लाटेचा आकार मोडायला दोन कारणं पुरेशी असतात, आणि दोन्ही भक्कम आहेत. पहिलं कारण असं की उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. माथ्याखाली पाणी अधिक खोल असतं, म्हणून माथा पायथ्यापेक्षा जलद सरकतो, लाटेची पुढची बाजू उभी होत जाते आणि शेवटी लाट फुटते. दुसरं कारण याच्या उलट दिशेनं काम करतं. पाण्यावरचा कोणताही उंचवटा म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या तरंगांची बेरीज असते. लांब तरंग पुढे धावतात, आखूड मागे रेंगाळतात, आणि उंचवटा पसरून त्यामागे लहान लहान तरंगांची रांग उरते. प्रकाशाच्या बाबतीत शाळेत ज्याला अपस्करण म्हणतात, तेच इथे पाण्याचं.

मग पाण्याचा एकच उंचवटा न फुटता, न पसरता मैलभर जाऊ शकेल का? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर ब्रिटनमधले मोठे गणिती चुकले आणि एक जहाजबांधणी अभियंता बरोबर निघाला. त्या वादाचं उत्तर आज पक्कं झालेलं आहे. पण हे उत्तर एका आकड्यात आहे, आणि तो आकडा न काढताच आजही कित्येक लाटांना ‘एकल लाट’ असं नाव दिलं जातं. म्हणून ते उत्तर कसं सापडलं आणि कुठे लागू पडत नाही, हे सविस्तर पाहण्यासारखं आहे.

ऑगस्ट १८३४. एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यावर जॉन स्कॉट रसेल बोटींचे प्रयोग पाहत होते. कालव्यातली बोट त्या काळी काठावरून चालणारे घोडे दोराने ओढत. दोन घोड्यांनी वेगात ओढलेली एक बोट अचानक थांबली. तिच्याबरोबर हललेलं पाणी मात्र थांबलं नाही. ते नाळेपाशी गोळा झालं, खळबळलं, आणि त्यातून एक गुळगुळीत, गोलसर उंचवटा सुटून कालव्याने पुढे निघाला. रसेल घोड्यावर होते. त्यांनी त्याच्यामागे घोडा घातला. उंचवटा सुमारे ३० फूट लांब आणि एक ते दीड फूट उंच होता, वेग ताशी आठ-नऊ मैल. मैल-दोन मैलांनंतर कालव्याच्या वळणांमध्ये तो दिसेनासा झाला. तोवर त्याची उंची हळूहळू कमी झाली होती, पण आकार तसाच होता.

रसेल तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि त्यांची खरी कामगिरी मला त्या पाठलागापेक्षा पुढच्या प्रयोगांमध्ये दिसते. त्यांनी लांब अरुंद हौदात अशा लाटा मुद्दाम तयार केल्या. हौदाच्या एका टोकाला पाणी अडवून ठेवायचं आणि अडसर एकदम उचलायचा, किंवा तिथे वजन सोडायचं. हौद लांबीला कमी पडतो म्हणून त्यांनी लाट दोन्ही टोकांवरून पुन्हा पुन्हा परतू दिली आणि तिचा प्रवास वाढवला. या मोजमापातून त्यांनी एक नियम काढला: पाण्याची खोली h आणि माथ्याची उंची a असेल, तर वेग c असा मिळतो.

c² = g(h + a)

म्हणजे उंच लाट जलद, बुटकी लाट सावकाश. आणखी दोन गोष्टी त्यांच्या नोंदींत आहेत. हौदात एकदम खूप पाणी सोडलं तर एका लाटेऐवजी दोन किंवा अधिक लाटा निघतात, आणि उंच लाट पुढे होते. आणि उंचवट्याऐवजी खळगा तयार केला तर तो टिकत नाही, त्याच्यामागे तरंगांची रांग तयार होते. ब्रिटिश असोसिएशनपुढे १८४४ मध्ये मांडलेल्या अहवालात हे सगळं आहे. या दोन्ही निरीक्षणांचा अर्थ गणिताला पुढे सव्वाशे वर्षांनी लागला.

शाही खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांना हे पटलं नाही. १८४५ च्या भरती-ओहोटी आणि लाटांवरच्या ग्रंथात त्यांनी दाखवलं की लांब, सान्त उंचीची लाट उभी होत जातेच. कायमच्या आकाराची लाट त्यांच्या समीकरणांत बसत नव्हती. जॉर्ज स्टोक्स यांनाही १८४७ मध्ये अशी शंका होती. पुढे १८९१ च्या टिपणात त्यांनी आपली चूक मान्य केली. एअरींना हट्टी ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. त्यांचं गणित त्यांच्या गृहीतकांपुरतं अचूक होतं. गृहीतक असं की पाण्यातल्या कोणत्याही बिंदूवरचा दाब फक्त त्याच्या डोक्यावरच्या पाण्याच्या वजनाइतका असतो. लाट अतिशय लांब असेल तर हे खरं आहे. रसेलांची लाट लांब होती, पण अतिशय लांब नव्हती.

चूक नेमकी कुठे, ते पाहू. लाट येते तेव्हा तिच्या पायथ्याशी पाणी वर उचललं जायला लागतं. त्याला वर जाण्याचा प्रवेग द्यायचा तर खालचा दाब वजनापेक्षा थोडा जास्त हवा. माथ्यावर उलट घडतं: वर गेलेलं पाणी खाली वळायला लागतं, म्हणून तिथला दाब वजनापेक्षा थोडा कमी असतो. लाट पुढे ढकलणारं बल म्हणजे माथ्याखालच्या आणि पायथ्याखालच्या दाबांमधला फरक. हा फरक एअरींच्या हिशेबापेक्षा कमी भरतो, म्हणून माथा तेवढा पुढे झेपावत नाही. उभ्या प्रवेगाचा हा परिणाम म्हणजेच अपस्करण. लाट जितकी आखूड, तितकं पाणी झटकन वर-खाली व्हावं लागतं, आणि तितका तो प्रभावी.

आकड्यांत मांडलं तर हा तोल अधिक लख्ख दिसतो. लाट नसताना उथळ पाण्यातला वेग c₀ = √(gh). पहिल्या अंदाजाने, एअरींच्या हिशेबात पायथ्याचा वेग c₀ आणि माथ्याचा c₀(1 + 1.5a/h). रसेलांच्या नियमात संपूर्ण लाट एकाच वेगाने जाते: c₀(1 + 0.5a/h). म्हणजे माथ्याचा वेग कमी करावा लागतो आणि पायथ्याचा वाढवावा लागतो. माथ्याचा वेग का घटतो ते आताच पाहिलं. पायथ्याचा वाढतो कसा? साध्या आंदोलित तरंगांसाठी अपस्करण वेग कमी करतं. पण एकल लाटेचा पायथा आंदोलत नाही, तो पुढे पातळ होत होत विरत जातो. आणि अशा विरत जाणाऱ्या आकाराला त्याच समीकरणात c₀ पेक्षा जास्त वेग मिळतो. उतार जितका जलद विरतो तितका वेग अधिक. पायथ्याचा हा वेग लाटेच्या वेगाशी जुळला की लाटेची लांबी आपोआप ठरते. एकल लाटेत उंची आणि लांबी स्वतंत्र नाहीत याचं कारण हेच.

हा आकार जोझेफ बूसिनेस्क यांनी १८७१ मध्ये आणि रॅले यांनी १८७६ मध्ये स्वतंत्रपणे मिळवला. माथ्यापासूनच्या x या अंतरावर पाण्याची उंची अशी:

η = a sech²(x/L),  L = √(4h³/3a)

L म्हणजे माथ्यापासून जिथे उंची सुमारे ४२ टक्क्यांवर येते ते अंतर. उंच लाट आखूड आणि बुटकी लाट लांब, हे सूत्रावरून लगेच दिसतं. डिडरिक कॉर्टेवेग आणि त्यांचे विद्यार्थी गुस्ताव द व्रीज यांनी १८९५ मध्ये लाट कशी बदलत जाते याचं जे समीकरण मांडलं, ते आज केडीव्ही समीकरण म्हणून ओळखलं जातं. बूसिनेस्क यांच्या १८७७ च्या लिखाणात ते आधीच आलेलं होतं. उभं होण्याचं एक पद आणि अपस्करणाचं एक पद, असा या समीकरणाचा सगळा संसार आहे.

आता हे सूत्र घेऊन रसेलांच्या कालव्यावर जाऊ. ताशी साडेआठ मैल म्हणजे सेकंदाला ३.८ मीटर. रसेलांच्या नियमात हा वेग घातला की h + a मिळतं १.४७ मीटर. लाटेची उंची सव्वा फूट, म्हणजे ०.३८ मीटर धरली, तर h उरतो सुमारे १.१ मीटर. कालवा मध्यभागी याहून खोल होता, पण त्याचे काठ उतरते होते. अशा कालव्यात वेगासाठी मधली खोली नव्हे, सरासरी खोली धरायची असते, आणि ती कमीच भरणार. h आणि a वरून L येतो २.१६ मीटर. माथ्याच्या पाच टक्के उंचीपर्यंत दोन्ही बाजू मोजल्या तर लाटेची लांबी ९.४ मीटर. रसेलांनी घोड्यावरून अंदाजलेले ३० फूट म्हणजे ९.१ मीटर. इथे वेग आणि उंची वापरून लांबी काढली आहे, लांबी कुठेही आधी घातलेली नाही. त्यामुळे हा मेळ मला मनापासून समाधान देतो. तरीही एक सावधगिरी हवी: a/h इथे ०.३५ आहे, ते फार लहान नाही, म्हणून या सूत्रांकडून पहिल्या अंदाजापलीकडची अपेक्षा करू नये.

एअरींच्या हिशेबाने याच लाटेचं काय व्हायला हवं होतं? पुढची बाजू दोन-तीन सेकंदांत उभी होऊन लाट फुटली असती. प्रत्यक्षात एक मैल जायलाच तिला सात मिनिटं लागली. दोन-तीन सेकंद आणि सात मिनिटं यांत जो फरक आहे, तो सगळा अपस्करणाचा.

रसेल या लाटेला वाहून नेणारी लाट म्हणत. साध्या तरंगात पाण्यावरचं पान वर-खाली होतं आणि जवळजवळ जागेवर येतं. एकल लाटेचं सगळं पाणी स्थिर पातळीच्या वर असतं, म्हणून ती गेल्यावर पान पुढे सरकलेलं असतं आणि तिथेच थांबतं. किती सरकतं तेही काढता येतं: 4√(ah/3). वरच्या कालव्यात हे अंतर सुमारे दीड मीटर येतं.

एकल लाट ओळखायची कशी, याचं उत्तर यातूनच मिळतं. वेग नियमाला धरून हवा, लांबी उंचीशी जुळायला हवी, मागे तरंगांची रांग नसावी, आणि पाणी पुढे सरकून थांबलेलं असावं. प्रयोगशाळेत हौदातली उभी पाटी नुसती ढकलली तर लाट निघते, पण तिच्यामागे शेपूट राहतं. शुद्ध लाट हवी तर पाटीचा वेग प्रत्येक क्षणी त्या जागच्या लाटेतल्या पाण्याच्या वेगाइतका ठेवावा लागतो. पाटी लाटेबरोबर सरकत असते हे धरून हा हिशेब डेरेक गोरिंग यांनी १९७८ मध्ये पक्का केला, आणि आज बहुतेक हौदांत तीच रीत आहे.

उभं होणं आणि पसरणं यांचा तोल मोजायचा आकडा म्हणजे उंची गुणिले लांबीचा वर्ग, भागिले खोलीचा घन: aL²/h³. फ्रिट्झ उर्सेल यांनी १९५३ मध्ये तो पुढे आणून एअरी आणि रसेल यांच्यातला जुना पेच सोडवला. आकडा खूप मोठा असेल तर एअरी बरोबर, लाट उभी होते. खूप लहान असेल तर लाट पसरते. एकल लाटेत, L वरच्या व्याख्येप्रमाणे धरला तर, हा आकडा नेहमी ४/३ येतो. कालव्यासाठी काढून पाहा: 0.38 × 2.16² ÷ 1.1³ = 1.33.

आकडा जास्त असेल तर काय होतं, याचं उत्तर रसेलांच्या हौदातच होतं: एका लाटेच्या अनेक लाटा. १९६७ मध्ये गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल आणि मिउरा यांनी केडीव्ही समीकरण अचूक सोडवण्याची रीत शोधली, आणि किती लाटा निघतील हे आधीच सांगता येऊ लागलं. एक सोपं उदाहरण घेऊ. पाणी १० सेंटिमीटर खोल, आणि अर्धा सेंटिमीटर उंचीच्या एकल लाटेची जी लांबी असते तेवढ्याच लांबीचा, पण तिप्पट म्हणजे दीड सेंटिमीटर उंच उंचवटा पुढे सोडला. त्यातून बरोबर दोन एकल लाटा निघतात: एक २ सेंटिमीटरची, दुसरी अर्ध्या सेंटिमीटरची. पुढची लाट मूळ उंचवट्यापेक्षा उंच आहे! पाण्याचा हिशेब तरीही जुळतो. पुढची चौपट उंच पण निम्मी लांब, म्हणून तिच्यात दोन वाटे पाणी, मागचीत एक वाटा, आणि मूळ उंचवट्यात तीन वाटे होतेच. मात्र या दोघींच्या वेगांत फरक आहे सेकंदाला फक्त साडेसात सेंटिमीटरचा. दोन मीटर अंतर पडायला त्यांना सुमारे २७ सेकंद लागतात, आणि तोवर त्या २७ मीटर पुढे गेलेल्या असतात. आखूड हौदात पाहणाऱ्याला एक बेढब लाट दिसेल आणि तो सिद्धांत चुकला म्हणेल. जोसेफ हॅमॅक आणि हार्वी सेगर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग सुमारे ३० मीटर लांब हौदात केले, याचं कारण हेच.

त्याआधी, १९६५ मध्ये, नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल यांनी संगणकावर पाहिलं की अशा दोन लाटा एकमेकींना गाठतात, एकमेकींत शिरतात, आणि बाहेर पडल्यावर दोघींचा आकार पहिल्यासारखाच असतो. फक्त जागा थोडी बदललेली असते: उंच लाट थोडी पुढे, बुटकी थोडी मागे. सॉलिटॉन हा शब्द तिथून आला. आज तो प्रकाशतंतूंपर्यंत गेला आहे, त्याचा आढावा वेगळा घ्यावा लागेल.

पाण्यात हा तोल अमर्याद नाही. लाट खोलीच्या सुमारे ८३ टक्क्यांपेक्षा उंच होऊ शकत नाही. त्या मर्यादेला माथा गोल न राहता १२० अंशांचा कोपरा होतो. मर्यादेच्या अलीकडे, सुमारे ७८ टक्क्यांवर, लाटेची ऊर्जा कमाल होते, आणि त्यापुढची लाट अस्थिर असते हे मित्सुहिरो तानाका यांनी १९८६ मध्ये दाखवलं. दुसरी मर्यादा घर्षणाची. तळाला आणि काठांना लागून असलेल्या पातळ थरात पाणी घासतं आणि लाटेची उंची कमी होते. उंची कमी झाली की लाट आपली लांबी वाढवून तोल पुन्हा जुळवून घेते. रसेलांना आकार तसाच वाटला तो म्हणूनच. काटेकोरपणे आकार बदलत होता, पण एकाच कुळातल्या एका लाटेवरून दुसऱ्या लाटेवर जात.

समुद्रात याच कुळातल्या अतिशय भव्य लाटा आपल्याजवळ, अंदमानच्या समुद्रात आहेत, पण त्या पृष्ठभागावर नाहीत. वरचं उबदार हलकं पाणी आणि खालचं थंड जड पाणी यांच्या सीमेवर त्या धावतात. ऑसबर्न आणि बर्च यांनी १९८० मध्ये त्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. वरचा थर पातळ असल्याने तिथे उंचवट्याऐवजी खळगाच एकल लाट म्हणून टिकतो. रसेलांच्या हौदातल्या नियमाच्या हे नेमकं उलट आहे, आणि थरांचा हिशेब मांडला तर अगदी अपेक्षित.

आता त्सुनामीकडे. किती तरी लेखांत आणि काही पाठ्यपुस्तकांतही त्सुनामी म्हणजे सॉलिटॉन असं लिहिलेलं सापडतं. आकडा काढून पाहू. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेवरून सुमारे दोन तासांनी जेसन-१ उपग्रह गेला, तेव्हा खुल्या हिंदी महासागरात तिची उंची ६० सेंटिमीटरच्या आसपास होती. खोली ४ किलोमीटर धरू. या उंचीच्या एकल लाटेचा L येतो ३७५ किलोमीटरच्या वर, म्हणजे पाच टक्के उंचीपर्यंतची लांबी १,६०० किलोमीटरहून जास्त. त्सुनामीची लांबी शेकडो किलोमीटर असते, पण एवढी नसते. L साठी ५० किलोमीटर घेतले तर आकडा ४/३ ऐवजी सुमारे ०.०२ येतो.

मग महासागर ओलांडताना तिचा आकार बऱ्यापैकी टिकतो कसा? उभं होण्याची क्रिया जाणवायला अशा लाटेला दोन लाखांहून जास्त किलोमीटर जावं लागेल, आणि अपस्करण जाणवायला चाळीस हजारांच्या वर. सुमात्रापासून तमिळनाडूचा किनारा दोन हजार किलोमीटरच्या आत आहे. तिथे तोल साधला गेला म्हणून आकार टिकला नाही. दोन्ही क्रियांना वेळच मिळाला नाही. मॅडसन, फुरमान आणि शेफर यांनी २००८ मध्ये हाच आक्षेप नीट मांडला. त्याचे परिणाम व्यवहारातही आहेत: हौदात एकच एकल लाट सोडून त्सुनामीचं पाणी किनाऱ्यावर किती चढेल हे ठरवलं, तर प्रयोगातली लाट खऱ्या त्सुनामीच्या मानाने फारच आखूड असते. खऱ्या त्सुनामीत पाणी कित्येक मिनिटं चढतच राहतं, शिवाय आधी ओहोटीसारखं मागे जाऊ शकतं. एकल लाटेत यातलं काहीच येत नाही.

उथळ पाणी लांबवर पसरलं असेल तिथे मात्र चित्र बदलतं. खोली काही दशक मीटरांवर आली की h³ झपाट्याने कमी होतो, तोच आकडा भराभर वाढतो, आणि त्सुनामीची पुढची बाजू उभी व्हायला लागते. पुरेशी उभी झाली की अपस्करण जागं होतं आणि त्या टोकातून आखूड लाटांची रांग सुटू लागते. मलाक्काची सामुद्रधुनी अशीच लांब आणि उथळ आहे. २००४ ची त्सुनामी तिच्यात शिरल्यावर तिच्या टोकाशी एकल लाटा तयार झाल्या असाव्यात, असं जॉन ग्रू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये गणिताने दाखवलं. त्या लाटा मूळ त्सुनामीपेक्षा उंच होत्या, तीन पट उंचवट्याच्या उदाहरणातली पुढची लाट मूळ उंचवट्यापेक्षा उंच निघाली, त्याच कारणाने.